ॲल्युमिनियमच्या डब्याला शेवटच्या कोपऱ्यात भोक का पडतं? दीड मिलीमीटर पत्रा, टिग आणि उष्णतेचा हिशोब

तक्रार जळगाव, भुसावळ, धुळे कुठल्याही फॅब्रिकेशनच्या शेडमधून आली तरी साधारण सारखीच असते. ठिबकच्या व्हॉल्व्ह कंट्रोलरसाठी किंवा पंपाच्या स्टार्टरसाठी टिग वेल्डिंगनं ॲल्युमिनियमचा डबा बनवायचा असतो. पत्रा दीड मिलीमीटरचा. पहिली कड सुंदर येते, दुसरी बरी येते, तिसरीला टाका रुंद व्हायला लागतो आणि चौथ्या कडेच्या टोकाला पत्रा एकदम खाली बसतो. बोट जाईल एवढं भोक. मग करंट कमी करून पुन्हा प्रयत्न, आणि या वेळी भोक पहिल्यापेक्षा मोठं.

करंट कमी करणं हीच इथली सर्वात महागडी चूक आहे. ती का, हे समजलं की बाकीचं बरंचसं आपोआप जागेवर येतं.

ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्या अंगावर जो ऑक्साइडचा पापुद्रा असतो तो वितळायला दोन हजार अंशांच्या वर लागतात. शिवाय हा धातू उष्णता लोखंडापेक्षा कितीतरी पटीनं वेगात पसरवतो. करंट कमी ठेवला की आर्कखाली वितळलेल्या धातूचं डबकं तयार व्हायला पाच-सात सेकंद लागतात. तेवढ्या वेळात उष्णता शिवणीपुरती थांबत नाही, ती पूर्ण भिंतीत जाते. डब्याच्या पत्र्याला ती सोडायला जागा थोडी, त्यामुळे प्रत्येक शिवणीगणिक डबा तापत जातो. चौथ्या कडेला पोचेपर्यंत पत्रा आधीच शेकडो अंशांवर बसलेला असतो. तिथे जरासा आर्क लागला तरी फक्त टाका नाही, आजूबाजूचा पट्टाच वितळायच्या बेतात येतो. लोखंडासारखा तो आधी लाल होऊन इशाराही देत नाही. चमकला की गेला.

म्हणून नियम उलटा आहे: करंट पुरेसा, काम झटपट, आणि लगेच बाहेर. आर्क लागल्यापासून एक-दोन सेकंदांत आरशासारखं चकचकीत डबकं दिसलं पाहिजे. तीन सेकंद मोजूनही दिसत नसेल तर थांबा. एकतर करंट कमी आहे, नाहीतर पत्रा मळका आहे. तिथेच रेंगाळू नका.

आधी भोकाची जात ओळखा

सगळी भोकं एका कारणानं पडत नाहीत. डबकं चकचकीत, स्वच्छ होतं आणि अचानक बसलं, तर तो उष्णतेचा मामला. डबकं झालंच नाही, वर सुरकुतलेली करडी साय दिसत राहिली, काळे ठिपके उडाले आणि मग एकदम दोन्ही कडा एकमेकींपासून मागे सरकल्या, तर दोष सफाईचा किंवा गॅसचा. कडा एकमेकींना मिळायच्या ऐवजी गोल होऊन दूर जात असतील तर बहुतेक वेळा फट जास्त आहे, किंवा डबक्यात भरायचा रॉड, म्हणजे फिलर, उशिरा पडतोय. आणि डबकं नीट असताना आतून फुगा फुटल्यासारखं फट्‌कन उडालं, तर आत हवा कोंडली आहे; त्याबद्दल शेवटी.

टाक्याच्या दोन्ही बाजूंना जो पांढरट, खरवडल्यासारखा पट्टा दिसतो तोही वाचायला शिका. एसीच्या पॉझिटिव्ह अर्ध्या फेरीत ऑक्साइड उखडला जातो, त्याची ती खूण. दीड मिलीमीटरच्या पत्र्यावर तो टाक्याच्या शेजारी एक-दीड मिलीमीटर असला की पुरे. चार-पाच मिलीमीटर पसरला असेल आणि टंगस्टन इलेक्ट्रोडचं टोक गोळा होऊन लोंबत असेल, तर मशीनवरचं क्लीनिंग जास्त आहे. ते साधारण ३० टक्क्यांच्या आसपास आणा. मात्र काही मशीनवर हाच आकडा उलट्या बाजूनं, म्हणजे ७० असा लिहिलेला असतो. आकड्यावर भरवसा न ठेवता एका तुकड्यावर फिरवून बघा, पट्टा कोणत्या बाजूला अरुंद होतो ते.

(फक्त डीसी असलेल्या स्टीलच्या टिग मशीनवर आर्गॉन लावून हे काम करायचा प्रयत्न काही जण करतात. ऑक्साइड उखडणारी फेरीच तिथे नाही, त्यामुळे पुढचं वाचून उपयोग नाही. मशीन एसी-डीसीच लागतं.)

सफाई: क्रम चुकला की सगळं चुकलं

आधी तेल, मग ऑक्साइड. हा क्रम उलटा केला, म्हणजे तेलकट पत्र्यावर आधी ब्रश मारला, तर ब्रशच्या तारा तेल घेतात आणि ते पत्र्याच्या चरांत कोंबतात. नंतर कितीही पुसलं तरी निघत नाही, आणि तोच ब्रश पुढच्या पत्र्यालाही बाटवतो.

पत्र्यावर प्लॅस्टिकची फिल्म असेल तर वेल्डिंगपुरती मागे न सोलता शिवणीपासून चांगली बोटभर लांब काढा. तिचा गोंद राहतोच. मग ॲसिटोन आणि स्वच्छ पांढरं सुती फडकं. कापसाच्या मुलखात फडक्याची ददात नाही, पण रंगीत किंवा गॅरेजमधलं नको. शिवणीपासून २५ मिलीमीटरपर्यंत, बाहेरून आणि आतून दोन्हीकडे पुसा. आतली बाजू विसरली जाते आणि नेमकं तिथलं तेल उकळून डबक्यात येतं. फडक्याची घडी बदलत राहा, आणि शेवटची घडी पांढरी राहिली तरच पुढे जा. रंगवाल्याकडचा साधा थिनर मागे चिकट थर सोडतो, म्हणून तो नको. ब्रेक साफ करायच्या क्लोरीनयुक्त स्प्रेला तर हातही लावू नका. त्याची वाफ आर्कजवळ विषारी गॅस बनवते. ॲसिटोनही पेट घेतो आणि मे महिन्यात शेडमध्ये तो बघता बघता उडतो, तेव्हा ॲसिटोनचा डबा झाकून लांब ठेवा आणि पत्रा पूर्ण सुकल्यावरच आर्क पाडा.

नंतर स्टेनलेस स्टीलच्या तारांचा ब्रश. तो फक्त ॲल्युमिनियमसाठी वेगळा ठेवायचा, दांड्याला रंगाचा पट्टा मारून. एकदा जरी तो लोखंडावर फिरला तरी बाद समजा. हलक्या हातानं, एकाच दिशेनं. जोर लावून घासलं तर ऑक्साइड निघत नाही, मऊ धातूत दाबला जातो. ग्राइंडरचं साधं चाक इथे चालत नाही: त्यातला राळेचा चुरा पत्र्यात रुततो आणि टाक्याला चाळणी करतो.

शेअरिंग मशीनवर कापलेल्या कडेकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, खरं तर तीच वितळून टाका बनते. कापताना कडेला बर, म्हणजे बारीक धारदार कंगोरा, येते आणि मशीनचं तेल त्या बारीक घडीत अडकतं. स्वच्छ कानशीनं दोन-तीन हात मारून चकचकीत धातू उघडा करा. लोखंडावर वापरलेली कानस नको. घासून झालेली कड उघड्या बोटानं चाचपू नका. उन्हाळ्यात घामानं निथळणारं बोटही तेलासारखंच.

हे झालं की त्याच पाळीत वेल्डिंग. रात्र गेली तर सकाळी पुन्हा ब्रश.

फिलर: जाडी आधी, ग्रेड मग

दीड मिलीमीटर पत्र्याला फिलर १.६ मिलीमीटरचाच हवा. दुकानात २.४ सहज मिळतो म्हणून तो वापरला जातो आणि तिथे भोकाची बीजं पडतात. जाड रॉड डबक्यात टेकला की डबकं गोठतं, वेल्डर ते पुन्हा वितळण्याची वाट बघतो, आणि त्या थांबण्यात पत्रा तापतो. बारीक रॉडचा थेंब लगेच विरघळतो आणि जाता जाता डबक्यातली थोडी उष्णताही शोषून घेतो. पातळ पत्र्यात फिलर हा नुसता भरणा नाही, तो ब्रेक आहे. डबकं मोठं व्हायला लागलं की पहिली हालचाल रॉडची, दुसरी पेडलवरच्या पायाची.

ग्रेडचं म्हणाल तर पत्रा घेतानाच बिलावर लिहून घ्या. वाकवून बनवायच्या डब्याला ५०५२ चांगला. ६०६१ टी-सिक्स घडीवर तडकतो. ५०५२ ला ५३५६ चा रॉड द्यावा. ग्रेड माहीत नसलेला पत्रा असेल तर ४०४३ सोयीचा: त्यात सिलिकॉन सुमारे पाच टक्के असल्यामुळे तो सहज पसरतो आणि तडा कमी जातो. डबा पुढे ॲनोडाइज होणार असेल तर ४०४३ चा टाका काळपट करडा दिसेल, तिथे ५३५६ च घ्या. उलट डबा इंजिनाजवळ बसून सतत ६५ अंशांच्या वर तापणार असेल तर ५३५६ टाळा. आणि ५०५२ वर फिलरशिवाय नुसता आर्क फिरवून कड जोडायची हौस नको. त्या मिश्रणाचा तो टाका थंड होताना मधोमध चिरतो. शुद्ध ॲल्युमिनियमच्या मऊ पत्र्याला मात्र त्याच पत्र्याची बारीक पट्टी कापून फिलर म्हणून चालते.

रॉडही ॲसिटोननं पुसायचा. काम करताना त्याचं तापलेलं टोक गॅसच्या छायेतून बाहेर काढू नका. बाहेर आलं की त्यावर साय धरते आणि पुढच्या थेंबाबरोबर ती डबक्यात जाते.

एक डबा, सुरुवातीपासून

आकार ३०० बाय २०० मिलीमीटर, उंची १२०. सहा तुकडे कापून जोडू नका. तळ आणि चार भिंती एकाच पत्र्यात कापून भिंती वर वाकवा, म्हणजे वेल्डिंगला चार उभ्या कडा उरतात, प्रत्येकी १२० मिलीमीटरची. झाकण वेगळं. जितकी शिवण कमी तितकी उष्णता कमी. या कामातली निम्मी लढाई बेंडिंगच्या मशीनवरच जिंकली जाते.

दोन भिंतींच्या आतल्या कडा एकमेकींना टेकल्या पाहिजेत, बाहेरून व्ही आकाराची खाच दिसली पाहिजे. गुण्या लावून काटकोन बघा, मग फटीत व्हिजिटिंग कार्ड सरकवून बघा. कार्ड सहज आत गेलं तर भिंत पुन्हा वाकवा, क्लॅम्प आवळा, हवं तर कड घासा. फट फिलरनं भरू म्हणणं लोखंडात खपतं. इथे फटीच्या दोन्ही कडा स्वतंत्रपणे वितळतात आणि मागे पळतात.

आतल्या कोपऱ्यात पाच-सहा मिलीमीटर जाडीचा ॲल्युमिनियम अँगल किंवा तांब्याची पट्टी घट्ट दाबून बसवा. तांबं सर्वात चांगलं. अँगल वापरला तर त्याचा टोकदार कोपरा घासून जरा बोथट करा, नाहीतर तोच आत चिकटेल. ही पट्टी उष्णता पिते, आणि त्यासाठी ती पत्र्याला टेकलेली असायला हवी; मध्ये कागदाएवढी हवा राहिली तरी तिचा उपयोग निम्म्यावर येतो.

आता मशीन. टंगस्टन १.६ मिलीमीटर, निळ्या किंवा सोनेरी पट्टीचा, टॉर्चच्या कपाबाहेर पाच-सहा मिलीमीटर. फ्रिक्वेन्सी १०० ते १२० हर्ट्झ. त्यानं आर्क बारीक होतो आणि कोपऱ्यात भरकटत नाही. गॅस शुद्ध आर्गॉन, सहा किंवा सात नंबरच्या कपाला मिनिटाला आठ-नऊ लिटर. बाहेरच्या कोपऱ्यावर गॅस दोन्ही उतारांनी घरंगळून जातो, म्हणून सपाट जोडापेक्षा लिटरभर जास्त धरलाय. कुलर आणि पंखा बंद. खानदेशच्या उन्हात हे सांगणं जिवावर येतं, पण कुलरचा झोत आर्गॉन उडवून लावतो आणि सोबत दमटपणाही आणतो. झोत आडवायला पत्र्याचा आडोसा उभा करा, हवा छताकडून जाऊ द्या. बाह्या खाली, मान झाकलेली: पांढऱ्या पत्र्यावरून उलटणारा आर्क गळा भाजून काढतो.

करंट पेडलवर कमाल ६५ ॲम्पियर. पूर्ण दाब फक्त सुरुवातीच्या क्षणी. डबकं झालं की पाय ५० च्या आसपास येतो आणि टोकाकडे आणखी खाली. पेडल नसेल आणि बटणावरच काम करायचं असेल तर ५५ वर ठेवून पल्स वापरा, सेकंदाला एक-दोन ठोके, आणि प्रत्येक ठोक्याला एक थेंब. संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा दुपारचा आकडा तसाच उतरेल असं धरू नका. आधी उरलेल्या तुकड्यावर कोपरा करून बघा.

कडा जागेवर धरणारे छोटे टाके आधी खालच्या कोपऱ्यात. वाकवताना घडी फाटू नये म्हणून तळाच्या टोकाला जी छोटी खाच सोडलेली असते, तीच पुढे भोकाची जागा होते. पत्रा पूर्ण थंड असताना, काहीही दुसरं वेल्ड करायच्या आधी, ती दोन-तीन थेंबांनी भरून टाका. मग वरच्या उघड्या टोकाला एक टाका, नंतर मध्ये दर ३० मिलीमीटरला. चारही कडा अशा टाक्यांनी धरल्या गेल्यावर पुन्हा गुण्या लावा. अजून हातानं सरळ करता येतं.

शिवण वरच्या उघड्या टोकाकडून तळाकडे न्या. उघड्या टोकाला उष्णतेला पुढे जायला पत्राच नसतो, तेव्हा तिथलं काम पत्रा गार असतानाच उरकायचं आणि शेवट तळाच्या कोपऱ्यात करायचा, जिथे तीन बाजूंचा पत्रा उष्णता वाटून घेतो. बहुतेक जण उलट करतात, तळातून वर येतात, आणि टोकाशी तापलेला पत्रा ढासळतो. आर्कची लांबी टंगस्टनच्या जाडीएवढी, दीड-दोन मिलीमीटर. लांब आर्क म्हणजे रुंद उष्णता. टॉर्च जरासाच मागे झुकलेला, रॉड समोरून जवळजवळ पत्र्याला लागून. डबकं, थेंब, पुढे सरक; डबकं, थेंब, पुढे सरक. डबक्याची रुंदी पत्र्याच्या जाडीच्या दोन-अडीच पटीत राहिली पाहिजे. तिप्पट झाली की थेंब टाका आणि वेग वाढवा, करंटची वाट बघू नका. शेवटच्या सेंटिमीटरला पाय हळूहळू उचला, एक थेंब जास्त टाका आणि गॅस यायचा थांबेपर्यंत टॉर्च तिथेच धरा. आर्क झटकन तोडला तर खड्डा राहतो आणि त्यात चांदणीसारखी चीर पडते.

पहिली कड झाली की शेजारची घेऊ नका, समोरच्या तिरप्या कोपऱ्यावरची घ्या. मग उरलेल्या दोन. प्रत्येक कडेनंतर पुढच्या कडेपासून जरा दूर भिंतीवर तळहात ठेवा. पाच सेकंद टेकवता आला तर पुढे, नाहीतर थांबा. मे महिन्यात उन्हात ठेवलेला पत्रा या परीक्षेत वेल्डिंगच्या आधीच नापास होतो, तेव्हा माल सावलीत ठेवा. घाई असेल तर आर्क बंद असताना पंखा लावा किंवा डबा लोखंडी टेबलावर उपडा ठेवा. ओलं फडकं नको, कॉम्प्रेसरची हवाही नको. पहिल्यात पाणी, दुसऱ्यात तेल आणि पाणी दोन्ही, आणि टाक्यातले बारीक बुडबुडे याच ओलाव्यातल्या हायड्रोजनचे असतात.

तरीही भोक पडलंच तर

गरम असताना त्याच्यामागे लागू नका. डबा पूर्ण गार होऊ द्या, भोकाची करडी कड कानशीनं घासून चकचकीत करा, पुन्हा ॲसिटोन, पुन्हा ब्रश. मागे तांब्याची पट्टी दाबा. आर्क भोकावर न धरता त्याच्या कडेच्या जाड बाजूला धरा, थेंब टाका, आर्क बंद. दोन श्वास थांबा, शेजारी पुढचा थेंब. असं कडेकडेनं आत येत भोक मिटवा. पाच-सहा मिलीमीटरपर्यंत हे जमतं. त्याहून मोठं असेल तर पत्र्याचा तुकडा नेमका कापून बसवणं स्वस्त पडतं.

टंगस्टन डबक्याला टेकला असेल तर तसाच पुढे ओढू नका. काळी पावडर उडते, आर्क हिरवट होऊन नाचतो. टोक घासून नवीन करा आणि टाक्यातला काळा भाग कापून काढा.

बंद डबा असेल तर

झाकणासकट चहूबाजूंनी बंद करायचा डबा, म्हणजे तरंगणारा फ्लोट किंवा छोटी टाकी, हा वेगळा प्रकार. शेवटची शिवण मिटत आली की आतली तापलेली हवा पसरते आणि तिला एकच मऊ जागा सापडते, ती म्हणजे तुमचं डबकं. इथे करंट, फिलर, सफाई काहीही बदलून फायदा नाही. कमी दिसेल अशा जागी तीन मिलीमीटरचं छिद्र आधीच पाडा, सगळी शिवण पूर्ण करा, डबा गार झाल्यावर ते छिद्र एका थेंबानं बुजवा. टाकीला नळीचा सॉकेट असेल तर तोच उघडा ठेवला की झालं.

पाणी आत जाऊ नये असा डबा हवा असेल तर शिवणीच्या बाहेरून चुन्याचं पातळ पाणी लावून वाळवा आणि आतून ब्रशनं रॉकेल फासा. पंधरा-वीस मिनिटांत पांढऱ्या चुन्यावर जिथे ओला ठिपका उमटेल तिथे छिद्र आहे. तो ठिपका पेन्सिलीनं गोल करा, आणि दुरुस्तीआधी रॉकेलचा मागमूस राहणार नाही इतकं ॲसिटोननं पुसून, पूर्ण सुकवून मगच आर्क लावा.